ट्रायल जूनमध्ये, पैसे दसऱ्याला: नऊ महिने वापरलेल्या रिपोर्टिंग टूलचा अनुभव

आमचं सॉफ्टवेअर जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी आहे. जॉब कार्ड, माल आत-बाहेर जाण्याची चलनं, कोणाकडे किती माल पडून आहे, असं सगळं त्यात होतं. ऑफिस नाशिकला आणि बहुतेक ग्राहक अंबड, सातपूर, सिन्नरकडचे. ट्रायल 30 दिवसांची, फुकट. पण तिसाव्या दिवशी पैसे देणारा मालक विरळाच. तो आधी सुपरवायझरला वापरायला लावतो, मग अकाउंटंटला दाखवतो, मग "एवढी ऑर्डर निघू द्या" म्हणतो. ट्रायल संपलेलं खातं आम्ही बंद करत नाही, नवी नोंद तेवढी थांबवतो. तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी त्याचा एनईएफटी येऊन पडतो.

जाहिरातींचं काम माझ्याकडे आहे. कोणत्या कॅम्पेनमधून पैसे देणारे ग्राहक आले, हे सांगणारं एक तयार टूल आम्ही गेल्या जुलैत घेतलं. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्यातल्या निम्म्या या जातीच्या कुठल्याही टूलला लागू पडतील.

चांगलं आधी सांगते. ट्रायल सुरू होताना जाहिरातीच्या लिंकमधलं कॅम्पेनचं नाव, म्हणजे `utm_campaign`, आणि गुगलवरच्या त्या क्लिकची खूण, म्हणजे `gclid`, ही दोन्ही टूल खात्यावर चिकटवून ठेवतं आणि नंतर आलेल्या लिंकने ती बदलू देत नाही. हे किरकोळ वाटेल, पण आमच्या जुन्या एक्सेलमध्ये पैसे भरायच्या दिवशी जो शेवटचा सोर्स असेल तोच राहायचा. ग्राहक पैसे भरायला येताना आमचं नाव गुगलवर टाकून येतो किंवा आम्हीच पाठवलेल्या व्हॉट्सॲप लिंकवरून येतो. त्यामुळे वर्षभर आमची सगळ्यात यशस्वी कॅम्पेन कोणती, तर आमचं स्वतःचं नाव!

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे ट्रायलच्या आठवड्यानुसार मांडलेला तक्ता. आडव्या ओळीत त्या आठवड्यातल्या ट्रायल, पुढे 30, 60, 90 दिवसांत किती पैसे आले. उजवीकडचे कोपरे रिकामे राहतात, कारण त्या ट्रायलचं तेवढं वय अजून झालेलं नसतं. खरं तर एवढा तक्ता पाहायला शिकलं तरी पैसे वसूल.

पण टूल उघडलं की समोर येतो तो हा तक्ता नव्हे. समोर येते कॅम्पेनची क्रमवारी, आणि ती लागते त्या महिन्यात आलेल्या पैशांवर, त्याच महिन्याच्या खर्चाशी जोडून. आमचा घोळ इथेच झाला.

जूनमध्ये आम्ही गुगल सर्चवर 75,000 रुपये खर्च केले, 100 ट्रायल आल्या, जून संपताच कॅम्पेन थांबवली. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हिडिओ जाहिरातीवर 48,000 घातले, 60 ट्रायल आल्या. ऑक्टोबरअखेर क्रमवारीत दिसलं ते असं: सर्च, खर्च शून्य, नवे ग्राहक 4. व्हिडिओ, खर्च 48,000, नवा ग्राहक एकही नाही.

आमच्या कंपनीच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, हा व्हिडिओ बंद करा. बंद असलेली जाहिरात चार गिऱ्हाइकं देतेय आणि चालू असलेली एकही नाही!"

"सर, ते चौघं जूनचे आहेत. पितृपक्षात कोणी पैसे सोडले नाहीत, दसऱ्याला सोडले."

"मग व्हिडिओवाले कधी सोडणार?"

याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. ते मिळवायचं तर दोन्ही कॅम्पेन एकाच वयाच्या असताना तोलायला हव्यात. सहा महिन्यांच्या पोराची उंची दोन महिन्यांच्या पोराशी कोण मोजतं? टूलच्या क्रमवारीत ही सोय नाही, म्हणून आमच्याच डेटाबेसवर एक छोटी क्वेरी लिहून घेतली:

```sql
SELECT utm_campaign,
       COUNT(*) AS trials,
       SUM(CASE WHEN paid_at <= first_trial_at + INTERVAL '60 days'
                THEN 1 ELSE 0 END) AS paid_60
FROM accounts
WHERE first_trial_at <= CURRENT_DATE - INTERVAL '60 days'
GROUP BY utm_campaign;
```

सगळा जीव त्या `WHERE` च्या ओळीत आहे. ज्या ट्रायलला अजून 60 दिवस झाले नाहीत ती भागाकारात येतच नाही. ही ओळ विसरलात तर नव्या कॅम्पेनच्या कोवळ्या ट्रायल छेदात भर घालतात, पण अंशात त्यांना जागा नसते, आणि नवी कॅम्पेन कायम नापास होते.

डिसेंबरच्या मध्यावर व्हिडिओच्या सगळ्या ट्रायलना 60 दिवस पूर्ण झाले. तोवर त्यातल्या 4 जणांनी पैसे भरले होते, म्हणजे 60 पैकी 4, साधारण पावणेसात टक्के. जूनच्या सर्चमधून तोवर एकूण 11 जण आले होते, म्हणजे 11 टक्के, आणि क्रमवारीत सर्च वरच राहिली. पण सर्चच्या त्याच 100 ट्रायलमधून पहिल्या 60 दिवसांत किती आले होते? फक्त 5. सारख्या वयाला व्हिडिओमागे एका ग्राहकाचा खर्च 12,000, सर्चमागे 15,000.

पुढचा अंदाज काढायला मी आधीच्या वर्षाच्या ट्रायल घेतल्या. शेवटी ज्यांनी पैसे भरले असे 100 ग्राहक धरले, तर 30 दिवसांपर्यंत 22, 60 पर्यंत 51, 90 पर्यंत 74, 120 पर्यंत 89 आलेले असतात, उरलेले सहा महिन्यांपर्यंत येतात. म्हणजे 60 दिवसांचे 4 ग्राहक हे पूर्ण आकड्याच्या 51 टक्के समजायचे. 4 भागिले 0.51, आले पावणेआठ. मी 8 धरले. खर्च माणशी 6,000 च्या आसपास. सर्चचा हिशोब 75,000 भागिले 11, म्हणजे 6,800 च्या वर.

इथे हुरळून जायचं कारण नाही, आणि हे मी मालकांनाही सांगितलं. 4 च्या जागी 3 असते तर हाच अंदाज सहावर येतो आणि खर्च 8,000 च्या पुढे जातो. एका एनईएफटीने निकाल फिरतो. म्हणून आम्ही "व्हिडिओ चांगला" असं न ठरवता "बंद करू नका, तेवढाच खर्च चालू ठेवा" एवढंच ठरवलं.

आता मोठी तक्रार. टूलमध्ये "पैसे यायला लागणारे सरासरी दिवस" असा आकडा ठळक दिसतो. आमचा दाखवायचा 38. मला तो पहिल्यापासून खटकत होता, कारण विक्रीवाल्या पोरांना विचारलं तर कोणीही दोन महिन्यांच्या आत बोलत नाही. शेवटी फक्त सहा महिन्यांहून जुन्या ट्रायल निवडल्या आणि तोच आकडा 66 झाला. कारण सरळ आहे: आजवर ज्यांनी पैसे भरले त्यांचीच सरासरी निघते, आणि ताज्या ट्रायलमधून आजवर फक्त घाईवालेच आलेले असतात. सावकाश येणारे अजून रांगेत आहेत, म्हणून हिशोबात नाहीत. ट्रायल वाढत गेल्या की हा आकडा आणखी खाली जातो आणि वाटतं विक्री जोरात चाललीय. तुमच्याकडे हे होतंय का ते पाहायला जुन्यांचा वेगळा फिल्टर लावा. आकडा उडी मारून वर गेला तर ठळक आकड्याकडे पाहणं सोडा.

याला भर घातली मुदतवाढीने. आमची पोरं ग्राहकाला 15 दिवस वाढवून देतात. टूल ते "नवी ट्रायल" समजून सुरुवातीची तारीखच पुढे सरकवायचं. ऑगस्टमध्ये एक खातं सापडलं: ट्रायल 12 जूनची, मुदतवाढ 20 जुलैला, पैसे 4 ऑगस्टला. खरे दिवस 53, टूलमध्ये 15. सपोर्टकडून उत्तर आलं की रचनाच तशी आहे. मग पहिली तारीख आम्ही आमच्याकडेच `first_trial_at` मध्ये जपायला लागलो. वरच्या क्वेरीत तीच आहे.

दुहेरी ट्रायलचा त्रासही आमच्याकडे फार. मालक मोबाईलवर जाहिरात पाहून ट्रायल घेतो, महिन्याभराने अकाउंटंट स्वतःच्या ईमेलने दुसरी घेतो आणि पैसे दुसऱ्या खात्यावर येतात. जाहिरातीचं श्रेय गेलं पाण्यात. नाव जुळवून काही होत नाही. एकाच कारखान्याची तीन स्पेलिंग मी पाहिली आहेत. जीएसटी क्रमांकाने मात्र जुळतं. त्यातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे पॅन, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या युनिटने बिल घेतलं तरी मूळ फर्म सापडते. ट्रायलला जीएसटी क्रमांक मागितला तर लोक पळतात, म्हणून तो आम्ही पहिलं चलन छापताना मागतो. त्याशिवाय चलन पूर्ण होत नाही, म्हणून कोणी कुरकुर करत नाही.

गुगल ॲड्सला हे पैसे परत कळवायचे तर एक हद्द आहे: क्लिकला 90 दिवस होऊन गेले की बाहेरून पाठवलेलं कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकमधून ग्राहक मिळाल्याची नोंद, तिथे घेतलं जात नाही. आमचे 100 पैकी 26 ग्राहक त्या पलीकडचे, म्हणजे ते गुगलच्या खात्यात कधी दिसणारच नाहीत. शिवाय तिथल्या मुख्य रकान्यात कन्व्हर्जन क्लिकच्या तारखेला लागतं, आमच्या वहीत पैशांच्या तारखेला. दोन्हीकडचे महिन्याचे आकडे जुळवत बसण्यात मी आख्खा सप्टेंबर घालवला. ते जुळणार नव्हतेच. आता आम्ही ट्रायलमध्ये दहावं चलन छापलं की तो टप्पा गुगलला कळवतो. तो पैशांचा पर्याय नाही, पण लवकर कळतो.

ताजी खबर: मार्चअखेर व्हिडिओच्या 60 पैकी 9 जण आले. माझा अंदाज 8 चा होता. पण त्यातले तिघे मार्चच्या शेवटच्या आठवड्यातले, वर्षअखेर खर्च दाखवायचा म्हणून घेणारे. जूनच्या ट्रायलना मार्च मिळाला नाही, म्हणून या नवाला मी अकराच्या शेजारी बसवत नाही. पुढच्या जूनच्या ट्रायलसाठी मार्च धरून काढलेली टक्केवारीही वापरणार नाही.

जुलैत टूलचं नूतनीकरण आहे. घेणार, पण लहान प्लॅन. क्रमवारी आम्ही वापरत नाही, सोर्स जपणं आणि आठवड्याचा तक्ता एवढंच हवंय. एक गोष्ट अजून सुटलेली नाही: प्रदर्शनातल्या स्टॉलवरच्या ट्रायल. क्यूआर कोड लावला होता, पण गर्दीत आमच्या पोराने स्वतःच्याच फोनवरून बावीस जणांची खाती उघडून दिली. टूलमध्ये त्या बावीसही ट्रायल व्हिडिओच्या म्हणून बसल्यात, कारण त्याच्या फोनवर शेवटची उघडलेली लिंक तीच होती. त्यांची नावं वहीतून काढून हाताने दुरुस्त करणं चालू आहे, अकरा झालीत.