महासंगमाचा भाग कुठल्या मालिकेचा?

गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने परवा हार्डडिस्क जोडली आणि विचारलं, "ताई, हा एपिसोड कुठल्या फोल्डरमध्ये टाकू?" समोर तीन अमेरिकी सुपरहिरो मालिकांचे फोल्डर होते: 'सुपरगर्ल', 'द फ्लॅश' आणि 'अ‍ॅरो'. आपल्याकडे ज्याला महासंगम म्हणतात, त्यात दोन मालिकांची पात्रं एकाच लग्नात किंवा मंगळागौरीत भेटतात, तसेच हे भाग. पण भेट झाली म्हणून गोष्ट दोघांची निम्मी-निम्मी होतेच असं नाही. दोन भाग शेजारी ठेवले की ते लक्षात येतं.

'वर्ल्ड्स फायनेस्ट' हा 'सुपरगर्ल'च्या पहिल्या सीझनचा अठरावा भाग, मार्च 2016 चा. फ्लॅश, म्हणजे बॅरी, दुसऱ्या पृथ्वीवरून येतो, मदत करतो आणि शेवटी सुपरगर्ल, म्हणजे कारा, त्याला परत घरी पाठवते. पण खलनायिका दोन्ही काराच्याच मालिकेतल्या, आणि शेवटच्या दृश्यात काराच्या मित्राला, जेम्सला, जे होतं ते थेट पुढच्या भागात चालू राहतं. बॅरी इथे पाहुणा आहे. फोल्डर 'सुपरगर्ल'चाच, यात वाद नाही.

डिसेंबर 2018 चा तीन भागांचा महासंगम 'एल्सवर्ल्ड्स' मात्र अडवतो. पहिला भाग 'द फ्लॅश'चा, दुसरा 'अ‍ॅरो'चा, तिसरा 'सुपरगर्ल'चा, आणि तिन्ही आपापल्या सीझनचे नववे. क्रम जुळावा म्हणून त्या आठवड्यात 'द फ्लॅश' आणि 'सुपरगर्ल'चे वारही बदलले होते. म्हणजे एकच फोल्डर लावून बघणाऱ्याला गोष्टीचा एक तृतीयांश हिस्साच मिळतो.

तिसऱ्या भागात बॅरी आणि कारा यांचा जीव वाचावा म्हणून 'अ‍ॅरो'चा नायक ऑलिव्हर मॉनिटर नावाच्या अतिशय शक्तिशाली वैश्विक पात्राशी सौदा करतो. प्रसंग 'सुपरगर्ल'च्या भागात आहे, पण त्याची किंमत 'अ‍ॅरो'त वसूल होते: सातव्या सीझनच्या शेवटी मॉनिटर दारात येतो, आणि आठवा सीझन त्याच सौद्यावर उभा आहे.

माझी कसोटी साधी आहे. तो भाग गाळा आणि प्रत्येक मालिकेत पुढे काय चालतं ते बघा. जिथे अर्थ लागेनासा होतो, गोष्ट त्या मालिकेची. फाइलचं मात्र तसं नाही. ती ज्या मालिकेच्या नावाने आणि क्रमांकाने प्रसारित झाली तिथेच ठेवावी, नाहीतर 'सुपरगर्ल'मध्ये आठनंतर थेट दहा येतो आणि माणूस हरवलेला भाग शोधत बसतो.

बहिणीने फाइल्स हलवल्या नाहीत. 'अ‍ॅरो'च्या सातव्या सीझनमध्ये एक छोटी नोंद टाकली: "नवव्याआधी फ्लॅश सीझन 5, भाग 9. नवव्यानंतर सुपरगर्ल सीझन 4, भाग 9. मगच दहावा."