लिमिट काढताना: थेट किंमत घालावी की आधी राशी सोपी करावी?

खानापूर, निपाणीकडची मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसी सायन्सला बेळगावात येतात. तिथं पहिल्याच वर्षी लिमिट समोर येतं. मराठीत त्याला 'सीमा' म्हणतात, पण आमच्या भागात सीमा म्हटलं की बोलणं दुसऱ्याच विषयाकडे जातं, म्हणून शिकवणीत मी लिमिटच म्हणतो. मुलांच्या वह्यांत दोन सवयी दिसतात. काही जण दिसेल तिथं x च्या जागी आकडा घालतात, तर काही जण साध्या बहुपदीचेही अवयव पाडत बसतात. कोणती वाट कधी धरायची, ते फलाकडे बघून ठरतं.

बहुपदी असेल तर विचार करत बसू नका, किंमत घाला. x → 2 असताना 2x³ − 3x + 1 चं लिमिट 16 − 6 + 1, म्हणजे 11. हे का चालतं, ते मात्र समजून घ्या. बहुपदी फक्त x आणि स्थिर संख्यांच्या बेरजा-गुणाकारांतून बनते. x हा 2 कडे जाताना x चं लिमिट 2 असतं आणि स्थिर संख्या जागची हलत नाही. बेरजेचं लिमिट म्हणजे लिमिटांची बेरीज, आणि गुणाकाराचंही तसंच. त्यामुळे शेवटी मिळतं ते 2 घालून येणारं उत्तरच. खात्री करायची तर 1.99 घाला, सुमारे 10.79 येतं, 2.01 घातलं तर 11.21. दोन्हीकडून आकडे 11 कडे सरकतात.

भागाकार आला की निवड करावी लागते, कारण आता छेद शून्य होऊ शकतो. ही राशी घ्या:

(x² − x − 6)/(x − 3)

x → 1 असेल तर छेद −2 आहे. बिनधास्त किंमत घाला: −6 भागिले −2, उत्तर 3. इथं अवयव पाडले तरी उत्तर तेच येईल, फक्त परीक्षेतली दोन मिनिटं जातील. पण x → 3 म्हटलं की अंशही शून्य आणि छेदही शून्य. म्हणजे 3 ला फलाला किंमतच नाही. लिमिट मात्र 3 च्या आसपासचं विचारलंय, आणि तिथं x − 3 शून्य नसल्यामुळे तो छेदता येतो. (x − 3)(x + 2) मधून x + 2 उरतं. ती बहुपदी, म्हणून आता किंमत घाला: 5. राशी एकच आहे, पण एका बिंदूला थेट वाट चालली आणि दुसऱ्याला नाही.

(x² + 1)/(x − 3) मध्ये 3 घातल्यावर 10/0 येतं. इथं मुलं अवयव शोधत राहतात, पण अंश शून्य झालेला नाही, म्हणजे x − 3 हा अवयव त्यात असूच शकत नाही. 3 च्या डावीकडून राशी ऋण होऊन अमर्याद खाली जाते, उजवीकडून अमर्याद वर. लिमिट नाही, एवढं लिहून पुढे जा.

आतापर्यंत छेदातल्या शून्यानं आपल्याला अडवलं. खरा धोका मात्र काहीच न अडवता आकडा निघतो तेव्हा असतो. समजा एका बसमध्ये ठरावीक स्टेजपर्यंत तिकीट दहा रुपये आहे आणि स्टेज ओलांडली की पंधरा. अंतरावरून भाडं सांगणारं हे फल. बरोबर स्टेजच्या अंतराची किंमत घातली तर दहा मिळतं, भागाकार नाही की शून्य नाही. पण अलीकडून येताना भाडं दहाच्या जवळ आहे आणि पलीकडून पंधराच्या, म्हणून तिथं लिमिट अस्तित्वातच नाही. स्टेजच्या थोडं अलीकडे किंवा पलीकडे मात्र किंमत घालणं अगदी योग्य.

किंवा हे बघा: x ≠ 2 असताना f(x) = x² + 1, आणि f(2) = 7. किंमत घातली तर 7. पण दोन्ही बाजूंनी राशी 5 कडे जाते, म्हणून लिमिट 5. घाईत सात लिहिणारा विद्यार्थी गुणाकारात चुकलेला नसतो. ज्या बिंदूला फल संतत नाही, म्हणजे तिथली किंमत आणि तिथलं लिमिट एकच नाहीत, तिथं त्यानं किंमत घातलेली असते. थेट किंमत घालायचा परवाना आकडा निघाल्यानं मिळत नाही, फल त्या बिंदूला संतत असल्यानं मिळतो.

sin x आणि cos x सगळीकडे संतत आहेत, तिथं कोन रेडियनमध्ये धरून किंमत घाला. tan x मात्र π/2 ला अडतो, कारण त्याच्या छेदात cos x आहे.

म्हणून माझा सल्ला असा. फल कुठल्या बिंदूला तुकड्यांत दिलंय का, ते आधी बघा. दिलं असेल आणि विचारलेला बिंदू नेमका त्या सांध्यावर असेल, तर डावी-उजवी बाजू वेगळी काढा. नसेल तर किंमत आधी छेदात घाला, अंशात नंतर. छेद शून्य आला नाही तर पेपरात 'x = 1 ला छेद −2, शून्य नाही, म्हणून फल संतत' अशी ओळ लिहा आणि मगच उत्तर काढा.