अंतराळ की कलती खाट: कोणत्या प्रश्नासाठी काय निवडाल?

गुरुत्वाकर्षणाविना शरीराचे काय होते हे तपासायचे असेल, तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे प्रत्यक्ष अंतराळवीरांवर मोजमापे घेणे. दुसरी म्हणजे निरोगी स्वयंसेवकांना डोक्याकडे ६ अंश खाली कललेल्या खाटेवर आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवणे. जेवण, आंघोळ, शौच सगळे आडवेच. माझे मत असे, की कोणती वाट घ्यावी हे अवयव पाहून ठरवावे.

स्नायूंसाठी खाट बिनधास्त निवडा. पोटरीचे आणि पाठीचे स्नायू आपल्याला उभे ठेवण्यासाठी दिवसभर राबतात. ते काम थांबले की झीज सुरू होते, मग माणूस तरंगत असो की पडून. दोन्हीकडे पोटरी आधी बारीक होते, हाताचे स्नायू बरेचसे टिकतात. शिवाय खाटेवर अर्ध्या लोकांना व्यायाम देऊन अर्ध्यांना मुद्दाम न देता तुलना करता येते. अंतराळात कोणाचा व्यायाम रोखणे योग्य नाही, त्यामुळे तिथली झीज नेहमी व्यायामाच्या आडूनच दिसते.

हाडांसाठीही खाट चालते, पण मुदत नीट ठरवावी लागते. समजा, खुब्याचे हाड वाचवणारा एखादा व्यायाम तपासायचा आहे. पुरेसा व्यायाम नसेल तर अंतराळात खुब्याची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटते. खाटेवर हा वेग कमी असतो. घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राच्या दोन मोजण्यांतच सुमारे १ टक्क्याचा फरक पडू शकतो. म्हणजे दोन आठवड्यांच्या प्रयोगात खरी घट यंत्राच्या चुकीत बुडून जाईल. म्हणून किमान ६० दिवस हवेत. तेवढी सोय नसेल तर लघवीतले कॅल्शियम आणि हाड झिजल्यावर सुटणारे घटक मोजा. ते पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढू लागतात. स्वयंसेवक उठून चालू लागल्यावरही मोजमापे चालू ठेवा, कारण नडगीची झीज त्यानंतरही काही दिवस सुरू राहिलेली दिसली आहे.

हृदयाच्या बाबतीत उत्तर अर्धे ‘हो’ आहे. १९६६ साली डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवले, तेव्हा जोरदार व्यायामात ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. दुसऱ्या एका अभ्यासात सहा आठवडे पडून राहिल्यावर हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचे वजन सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाले. रक्तातला द्रवभागही दोन्हीकडे घटतो. म्हणूनच अंतराळवीर परतल्यावर आणि रुग्ण उठल्यावर भोवळ येते. हृदयाचे आकसणे आणि ही भोवळ अभ्यासायला खाट पुरेशी आहे.

छातीतल्या दाबाचा प्रश्न आला की मात्र खाट फसवते. खाट कलती केली की पायांकडचे रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाजवळच्या मोठ्या शिरांमधला दाब सुरुवातीला वाढतो. अंतराळातही तो वाढेल अशी सर्वांची अपेक्षा होती. १९९१ च्या स्पेसलॅब मोहिमेत हातातल्या शिरेतून नळी हृदयाजवळ नेऊन दाब मोजला, तर तो चक्क घटलेला निघाला. हृदयात मात्र रक्त अधिक भरत होते. दाब कमी आणि भरणे जास्त, हे कसे? याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे: तरंगताना छातीच्या भिंतीचे आणि ऊतींचे वजन नाहीसे होते, छाती फुलते आणि हृदयाभोवतीचा दाब शिरेतल्या दाबापेक्षाही जास्त उतरतो. हृदय भरते ते आतल्या आणि बाहेरच्या दाबांतल्या फरकावर, आणि तो फरक वाढलेला असतो. खाटेवर हे घडूच शकत नाही, कारण गुरुत्वाकर्षण छातीकडून पाठीकडे ओढतच असते. झोपलेल्या माणसाच्या शरीराला वजन असते, फक्त त्याची दिशा बदललेली असते.

डोळ्यांचा प्रश्न याच धाग्याचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लांबच्या मोहिमांमध्ये काही अंतराळवीरांच्या दृष्टीच्या मज्जातंतूच्या मुळाशी सूज येते. खाटेवरच्या आधीच्या प्रयोगांत ती दिसत नव्हती. पुढे ३० दिवस उशीही न देता, डोके एकदाही वर उचलू न देता कडक प्रयोग झाले, तेव्हा काही स्वयंसेवकांत ती सूज आली. उशीने डोके किंचित वर आले तरी डोक्याकडच्या शिरांतले रक्त उतरायला वाट मिळते. म्हणून डोळ्यांसाठी खाट निवडत असाल, तर आधी उशी, कोपरावर टेकणे आणि जेवताना मान उचलणे याबाबतचे नियम लिहून काढा, ते पाळले जातात की नाही याची रात्रंदिवस नोंद ठेवा. जुन्या प्रयोगाशी तुलना करायची झाल्यास त्यात उशी होती का, हे आधी शोधा.