घसा दोघांचाही दुखतो, अँटिबायोटिक कुणाला? आणि किती दिवस?

कापूस वेचणीच्या दिवसांत थंडी पडू लागली की एकाच घरात दोघांचा घसा धरतो. समजा आई चौतीस वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा, वजन 24 किलो. मेडिकलवरून अझिथ्रोची तीन गोळ्यांची पट्टी आणून दोघांना द्यायची, की दवाखान्यात जायचं? आधी दोघांना उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि नीट पाहा.

| | आई | मुलगा |
|---|---|---|
| सुरुवात | हळूहळू, शिंकांपासून | अचानक, गिळताना जोरात दुखतं |
| नाक, खोकला | नाक गळतं, खोकला, आवाज बसलेला | नाक कोरडं, खोकला नाही |
| ताप | नुसती कणकण | 102 अंश |
| घसा, मान | घसा लालसर | टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात |

आईचं हे पडसं आहे, विषाणूंचं. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना, विषाणूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. पडसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तीत जास्त छळतं आणि साधारण सात ते दहा दिवसांत जातं. खोकला कधीकधी दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. लोक गोळी घेतात ती नेमकी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे आजार उतरणीला लागताना. श्रेय मग गोळीला जातं. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे "इन्फेक्शन वाढलं" असंही नाही. आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे तो रंग येतो. तिला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी आणि ताप-अंगदुखी असेल तर पॅरासिटॅमॉल 500 ची एक गोळी पुरे, पुढची किमान सहा तासांनी.

तरीही अझिथ्रो घेतली तर? तीन दिवसांत पट्टी संपते, पण औषध अंगात त्यानंतरही बरेच दिवस थोडं थोडं उरतं. तेवढ्याने नाका-घशातले आणि आतड्यातले कमजोर जिवाणू मरतात, औषधाला दाद न देणारे टिकतात आणि वाढतात. असे जिवाणू घरात एकमेकांकडे पसरतात. पुढे खरंच न्यूमोनिया झाला तर तीच गोळी कुचकामी ठरू शकते.

मुलाचं प्रकरण वेगळं. हा स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा घसा असू शकतो आणि तो साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो. नुसतं पाहून खात्री होत नाही, म्हणून डॉक्टरांनी तपासायलाच हवं. सोय असेल तिथे घशाचा नमुनाही घेतात. अशा मुलाला डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन 500 ची एक कॅप्सूल सकाळी, एक संध्याकाळी, दहा दिवस अशी लिहून दिली, तर कॅप्सूल होतात 20. पट्टी दहाची असेल तर दोन पट्ट्या लागतात, आणि गफलत होते ती इथेच. दोन-तीन दिवसांत ताप जातो, पाचव्या दिवशी पहिली पट्टी संपते, मुलगा पोरांसोबत खेळायला पळतो आणि दुसरी पट्टी फळीवर तशीच राहते.

दुखणं थांबलं तरी घशात जिवाणू उरलेले असतात. घसा पुन्हा धरू शकतो, मग वेगळं, जास्त जड औषध सुरू होतं. त्याहून मोठा धोका र्‍हुमॅटिक तापाचा. जिवाणूंशी लढताना शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं, घसा दुखल्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी. झडप एकदा खराब झाली की दुखणं जन्मभराचं होऊ शकतं. दहा दिवस आहेत ते यासाठी. या जिवाणूवर पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन अजूनही लागू पडतात, अझिथ्रोला मात्र तो काही ठिकाणी दाद देत नाही.

दहा हा आकडा सगळ्या आजारांना लागू नाही. काही दुखण्यांना पाच दिवस पुरतात, क्षयरोगाला महिनोन्‌महिने लागतात. चिठ्ठीत जेवढे दिवस तेवढेच. कमी करायचे असतील तर डॉक्टर करतील. एखादी कॅप्सूल चुकली तर आठवेल तेव्हा द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडा, दोन एकदम नकोत. पातळ हगवण लागली तर ओआरएस द्या आणि डॉक्टरांना विचारा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा दम लागला तर मात्र औषध तिथेच थांबवा आणि तडक दवाखाना गाठा.

औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. उरलेली कॅप्सूल शेजारच्या पोराला देऊ नका.

पडसं समजून घरी थांबू नये, असेही रुग्ण आपल्याकडे आहेत. सिकलसेल असलेल्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. थुंकी गिळता येत नाही, मान सुजली, श्वास भरभर चालतो, किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तरी तेच. शेतात-झुडपात जाणाऱ्याला ताप आला आणि काखेत, जांघेत काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना दाखवा. तो स्क्रब टायफस असू शकतो. त्याला अँटिबायोटिक लागतंच, तेही वेळेवर.