नवरीची मेंदी: तयार कोन की घरचा?

तयार कोन दुकानातून आणून लगेच वापरता येतो. मात्र जो महिनोन्महिने फ्रीजबाहेर टिकतो आणि तासाभरात काळपट रंग देतो, त्यात निव्वळ मेंदी नसते, आणि काळ्या रंगासाठी घातलेल्या पीपीडी या रसायनामुळे त्वचेवर फोड येऊ शकतात. घरचा कोन मेहनत मागतो. वस्त्रगाळ पूड, साखर आणि निलगिरीचे तेल पाण्यात कालवून ८ ते १२ तास मुरवावे लागते, आणि हा लगदा काही दिवसांतच निस्तेज होत असल्याने उरलेले कोन फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात. शनिवारी लग्न असेल तर मेंदी गुरुवारी काढावी, म्हणजे सुरुवातीचा केशरी रंग (जो पाहून नवरीची आई हमखास धास्तावते) लग्नापर्यंत गडद तपकिरी होतो. नवरीसाठी मी घरचाच कोन वापरते.