मुदतपूर्व बाळाच्या मेंदूतील रक्तस्रावाची ग्रेड: पॅपाइल की व्होल्पे?

नवजात बालकांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट लिहिताना ग्रेड पॅपाइल पद्धतीने द्यावी की व्होल्पे पद्धतीने, हे एकदा ठरवून टाकलेले बरे, कारण एकाच विभागात दोन्ही चालू राहिल्या की गोंधळ बाळाच्या फाइलमध्ये शिरतो. मी दोन्ही पद्धतींनी रिपोर्ट लिहिले आहेत आणि आता व्होल्पेकडे झुकलो आहे. मात्र पॅपाइल सोडणे सर्वांनाच सोयीचे होईल, असा माझा दावा नाही.

पॅपाइल यांची १९७८ची वर्गवारी १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या सीटी स्कॅनवरून तयार झाली. जर्मिनल मॅट्रिक्सपुरता रक्तस्राव म्हणजे ग्रेड १, व्हेंट्रिकलमध्ये रक्त आहे पण ते फुगलेले नाही तर २, फुगले असेल तर ३, आणि शेजारच्या मेंदूच्या भागातही रक्त दिसले तर ४. व्होल्पे पद्धतीत पॅरासॅजिटल चित्रात रक्ताने व्हेंट्रिकलचा किती भाग व्यापला आहे, ते पाहतात: रक्त नाही किंवा १० टक्क्यांहून कमी असेल तर १, १० ते ५० टक्के असेल तर २, आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल, ज्यात व्हेंट्रिकल बहुधा ताणलेले असते, तर ३. मेंदूच्या भागातील पांढरी छटा ग्रेडमध्ये न मिसळता वेगळी नोंदवतात.

माझा निर्णय ज्या त्रासामुळे झाला, तो ‘फुगलेले’ या एका निकषाचा आहे. नाशिकच्या एनआयसीयूंमध्ये पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडून येणाऱ्या बाळांपैकी एखादे नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घेऊ. २८ आठवड्यांचे, साधारण १०५० ग्रॅमचे बाळ. तिसऱ्या दिवशी टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत डाव्या व्हेंट्रिकलचा सुमारे एकतृतीयांश भाग भरणारा क्लॉट दिसतो आणि व्हेंट्रिकलची रुंदी नेहमीइतकीच आहे. इथे दोन्ही पद्धतींत ग्रेड २ येते. दहाव्या दिवशी क्लॉट आक्रसून त्याच्या मधोमध काळसर पोकळी पडलेली दिसते, व्हेंट्रिकलचे अस्तर पांढरे उठून दिसते आणि दोन्ही व्हेंट्रिकल रुंदावलेली असतात. नवे रक्त कुठेही नाही. रक्ताच्या अवशेषांमुळे मेंदूतील पाण्याचा निचरा अडल्यावर असेच होते. पण पॅपाइलप्रमाणे लिहिणाऱ्या अनेकांच्या हातून या दिवशी ग्रेड ३ पडते, आणि पालकांपर्यंत ‘रक्तस्राव वाढला’ असा निरोप जातो. व्होल्पेप्रमाणे रक्तस्रावाची ग्रेड २ कायम राहते आणि रुंदी स्वतंत्रपणे, लेव्हिनीच्या व्हेंट्रिक्युलर इंडेक्सने म्हणजे मोनरो छिद्राच्या पातळीवर कोरोनल चित्रात मध्यरेषेपासून व्हेंट्रिकलच्या बाहेरील भिंतीपर्यंतचे अंतर मोजून, वयाच्या ९७व्या पर्सेंटाइलशी ताडून लिहिली जाते. न्यूरोसर्जनला पुढे हाच आकडा लागतो. ग्रेडवरून त्यांना फारसे काही ठरवता येत नाही.

ग्रेड ४बाबतही माझी अशीच तक्रार आहे. ते नाव रक्त ३वरून पुढे सरकत मेंदूत शिरले, असे सुचवते. बऱ्याचदा प्रत्यक्षात घडते ते वेगळे: रक्ताच्या दाबाने टर्मिनल व्हेन अडते आणि त्या शिरेच्या क्षेत्रात रक्तमिश्रित इन्फार्क्ट होतो, म्हणून तो पंख्यासारखा पसरलेला आणि बहुधा मोठ्या रक्तस्रावाच्याच बाजूला दिसतो. कपाळाकडचा लहान तुकडा आणि कपाळापासून मागपर्यंतचा मोठा पट्टा यांना एकच ‘४’ देण्यापेक्षा कोणता भाग आणि किती, हे लिहिलेले मला अधिक उपयोगी वाटते.

आता व्होल्पेच्या बाजूने कमी पडते तेही सांगतो. टक्केवारी नजरेनेच ठरते. प्रोब थोडा तिरका झाला की ४५चे ५५ होऊ शकते. कॉरॉइड प्लेक्ससलाच रक्त समजण्याचा धोका दोन्हीकडे सारखा आहे, पण व्होल्पेमध्ये तो थेट आकड्यात उतरतो. सामान्य प्लेक्सस कॉडोथॅलॅमिक खाचेच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्या खाचेच्या पुढचे पांढरे ठिपके रक्ताचे धरावेत, आणि शंका असेल तर डॉपलर लावावा: क्लॉटमध्ये प्रवाह दिसत नाही. शिवाय जुने साहित्य बव्हंशी पॅपाइलच्या भाषेत आहे आणि बाळ ज्या रुग्णालयात पुढे जाईल, तेथेही तीच चालत असण्याची शक्यता अधिक.

व्हेंट्रिकलमध्ये रक्ताची केवळ एक बारीक रेघ असेल तर पॅपाइलप्रमाणे २ आणि व्होल्पेप्रमाणे १ येते, म्हणून ग्रेडच्या शेजारी पद्धतीचे नाव न लिहिणे मला मान्य नाही. आमच्याकडे मी असे लिहितो: ‘डावीकडे व्होल्पे ग्रेड २, उजवीकडे रक्त नाही, व्हेंट्रिक्युलर इंडेक्स दोन्हीकडे स्वतंत्र, मेंदूच्या भागात पांढरी छटा नाही.’ पलीकडच्या डॉक्टरांना पॅपाइल हवी असेल, तर ती या वाक्यावरून त्यांना काढता येते. नुसत्या ‘ग्रेड ३’वरून उलटा प्रवास होत नाही.