टेसरॅक्टवर आठ महिने: मराठी-इंग्रजी पत्रं, १ चा 9 आणि शिक्षकांची नावं

आमच्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात जुन्या मान्यता-पत्रांची, परिपत्रकांची आणि शासन निर्णयांची एक्सेलमध्ये नोंद करायचं काम मी आठ महिन्यांपूर्वी घेतलं. प्रत्येक कागदातून जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ आणि ज्यांच्याबद्दल पत्र आहे त्यांची नावं काढायची. एका सशुल्क सेवेने पानामागे दर सांगितला, शिवाय दरमहा किमान रक्कम. संस्थेचे पैसे म्हणजे पालकांच्या फीचे पैसे, म्हणून मी नाही म्हटलं आणि टेसरॅक्ट हे स्कॅन केलेल्या पानावरचा मजकूर वाचणारं मोफत सॉफ्टवेअर लावलं. ते बसवायचं कसं हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. माझी आज्ञा एवढीच:

```
pdftoppm -r 300 -png patra.pdf patra
tesseract patra-1.png patra-1 -l mar+eng --psm 6
```

पहिले दोन महिने मी खूश होते. ‘विषय :’ आणि ‘संदर्भ :’ हे शब्द जवळजवळ नेहमी बरोबर यायचे, त्यामुळे त्यांच्यापुढचा मजकूर उचलणं सोपं होतं. एक चूक मात्र सुरुवातीलाच सापडली. शासन निर्णयात मूळ मजकुराच्या आधी ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ अशी जुन्या निर्णयांची यादी असते आणि त्या प्रत्येकाची तारीख असते. सगळ्या तारखांतून एक उचलली तर कागदाला भलत्याच वर्षाची तारीख लागते. म्हणून दिनांक फक्त शीर्षभागातून, म्हणजे ‘वाचा’ शब्दाच्या वरच्या भागातूनच घ्यायचा. हे एका दुपारचं काम होतं.

मग आमच्या हेडक्लार्कनी एक ओळ दाखवली. एका शिक्षकाच्या वेतनवाढीपुढे ९ जुलै २०१९ अशी तारीख होती. ते म्हणाले, “मॅडम, यांची वार्षिक वेतनवाढ एक जुलैला असते. नऊ कुठून आली?” मूळ पत्र काढलं. त्यावर ‘१/७/२०१९’ असं स्वच्छ छापलेलं होतं.

त्या दिवशी मला फार राग आला. वेतनवाढ एक तारखेला असते हे कार्यालयात सगळ्यांना पाठ असतं, म्हणून ती चूक दिसली. रुजू दिनांक १ चा ९ झाला असता तर कुणाच्याच लक्षात आलं नसतं, आणि सेवाज्येष्ठता यादीत आठ दिवसांनी माणूस खाली जातो. मी त्याच रात्री टेसरॅक्टबद्दल वाईट अभिप्राय लिहायला घेतला होता. तो टाकला नाही हे बरं झालं, कारण पुढच्या आठवड्यात निम्मा दोष माझ्या स्क्रिप्टचा निघाला.

टेसरॅक्टची मूळ फाइल उघडली तर त्यात ‘9/७/२०१९’ असं होतं. मराठी १ आणि इंग्रजी 9 यांचा आकार सारखाच: वर गाठ, खाली शेपूट. mar आणि eng दोन्ही भाषा लावल्या की टेसरॅक्टसमोर दोन्ही पर्याय खुले असतात. झेरॉक्सची झेरॉक्स असेल, गाठ शाईने भरली असेल, तर ते 9 कडे झुकतं. पण त्याने लिहिलेला 9 इंग्रजी होता आणि बाजूचे सगळे अंक मराठी होते. म्हणजे चूक त्या फाइलमध्येच उघडी पडली होती. ती झाकली माझ्या स्क्रिप्टने. मी तारीख तिरप्या रेघेवर तोडून प्रत्येक तुकडा int ला देत होते, आणि पायथनला कुठल्याही लिपीचे अंक चालतात, मिसळलेले सुद्धा:

```
>>> int("२०1९")
2019
```

तक्रार नाही, इशारा नाही. सगळे अंक एकसारखे करून घ्यायचे आणि मग तपासायचं, असा माझा क्रम होता. तो उलटा हवा होता. आता टेसरॅक्टने दिलेली तारीख जशीच्या तशी एका रकान्यात राहते आणि तिच्यावर आधी ही तपासणी चालते:

```
import re
def mishra(s):
    return bool(re.search("[0-9]", s)
                and re.search("[०-९]", s))
```

ही तपासणी पूर्ण तारखेवर लावायची, तुकड्यांवर नाही. ‘9’ हा तुकडा एकटा पाहिला तर तो शुद्ध इंग्रजी आहे आणि ‘७’ शुद्ध मराठी, दोघंही पास होतात. ‘9/७/२०१९’ एकत्र पाहिलं तरच भेसळ दिसते. जिथे भेसळ सापडते ती ओळ लाल होते आणि मी मूळ पान उघडते. काही पत्रांत टंकलेखकानेच मराठी आणि इंग्रजी अंक मिसळलेले असतात, त्या ओळी उगाच लाल होतात. ते मला चालतं.

जिथे १ एकटाच असतो, उदाहरणार्थ ‘दि. १ जुलै पासून’, तिथे शेजारी दुसरा अंक नसल्याने भेसळ ओळखता येत नाही. त्यासाठी तारखेची ओळ कापून ती पुन्हा फक्त -l mar ने वाचते. दोन वाचनांचं पटलं नाही तर ती ओळही लाल. सगळं पानच फक्त mar ने का वाचत नाही, असं कुणी विचारेल. मीही करून पाहिलं. तारखा सुधारल्या, पण शिक्षकांचे वेतनप्रणालीतले शालार्थ क्रमांक आणि कंसातली इंग्रजी नावं यांचा पार चुराडा झाला.

अलीकडच्या शासन निर्णयांना आणखी एक पडताळा असतो. शेवटी, डिजिटल स्वाक्षरीच्या वाक्याच्या आसपास, १८ अंकी संकेतांक छापलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीखच असतात. शीर्षभागातली तारीख आणि हे आठ अंक जुळले की मी पुढे जाते. कधीकधी निर्णय निघाल्यावर काही दिवसांनी संकेतस्थळावर चढतो आणि दोन्हींत फरक पडतो, म्हणून न जुळणं म्हणजे चूकच असं नाही. पान डोळ्यांनी बघायचं एवढाच त्याचा अर्थ. जिल्हा पातळीवरच्या साध्या पत्रांना मात्र संकेतांक नसतो.

आता नावांकडे येते, कारण माझे चार महिने तिथे गेले.

पत्रात नाव मराठीत असतं, बहुधा आडनाव आधी: ‘काळे ज्ञानेश्वर दत्तात्रय’. वेतनाच्या यादीत तेच इंग्रजीत: Dnyaneshwar Dattatray Kale. (या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत.) आधी मी मराठी नावाचं इंग्रजी करून शोधत होते. ते चालत नाही, कारण एकाच माणसाचं नाव एका यादीत Dnyaneshwar, दुसरीत Gyaneshwar आणि तिसरीत Dattatray चं Dattatreya असतं. उलट दिशा तर त्याहून वाईट. Kale म्हणजे काळे की काले, Mule म्हणजे मुळे की मुले, हे इंग्रजी स्पेलिंगवरून कुणालाच सांगता येणार नाही. ळ तिथे राहिलेलाच नाही. मी नाकारलेल्या त्या सेवेने नमुन्याची दहा पानं करून दिली होती, त्यात सगळी नावं इंग्रजीत आणली होती आणि मराठी रूप टाकून दिलं होतं. ते पाहूनच मी थांबले. छापलेलं नाव एकदा हरवलं की ते परत आणायला पुन्हा कागदच उघडावा लागतो.

मग मी दोन्ही बाजूंना एका सांगाड्यावर आणलं. ज्ञ, dny, gy, jn या सगळ्यांना एकच खूण. व, v आणि w एक. ल आणि ळ एक. श, ष, स एक, आणि h सगळीकडून काढून टाकायचा, म्हणजे त-थ, ट-ठ हा झगडा मिटतो. जोडाक्षरातलं दुहेरी अक्षर एकदाच धरायचं. अनुस्वार प-वर्गाआधी म, इतरत्र न. त्यामुळे कांबळे आणि Kamble जुळतात, शिंदे आणि Shinde पण. शेवटी स्वर काढायचे. आता ज्ञानेश्वर, Dnyaneshwar आणि Gyaneshwar तिघांचाही सांगाडा GNSVR येतो. नावाचे तुकडे अक्षरक्रमाने लावले की आडनाव आधी की नंतर हाही प्रश्न सुटतो.

दोन आठवडे हे मला फार आवडलं. मग एकाच शाळेच्या यादीत सुनील कोळी आणि सोनाली काळे आले. दोघांचाही सांगाडा SNL आणि KL. स्वर काढल्यावर त्यांच्यात काहीच फरक उरत नाही. स्क्रिप्टने सोनालीताईंचं मान्यता-पत्र सुनीलसरांच्या नावावर लावलं. तेव्हापासून सांगाडा निकाल देत नाही, फक्त संभाव्य नावं पुढे ठेवतो. निकाल शालार्थ क्रमांकावर. पत्रात तो नसेल तर मधल्या नावावर, म्हणजे वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर. तेही नसेल तर माणसाने बघायचं.

एक त्रास असा, की तो आधी कळला असता तर माझे चार दिवस वाचले असते. कऱ्हाडकर आडनावाच्या बाई मराठी यादीतही सापडत नव्हत्या, मराठीतच शोधत असूनही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब. ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ हे वेगळं अक्षर (U+0931) घेऊन हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (U+200D). युनिकोडचं नेहमीचं NFC रूप करून हे दोन एक होत नाहीत, ती अदलाबदल स्वतः लिहावी लागते. ‘अॅड.’ आणि ‘ॲड.’ यांचंही तेच.

म्हणून माझं मत आता असं आहे: छापील पत्रांसाठी टेसरॅक्ट वापरा, ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका, आणि प्रत्येक रकान्याशेजारी ‘जसं वाचलं तसं’ हा रकाना ठेवा, कधीही पुसू नका. तारखांची ती चूक त्या रकान्याअभावीच झाकली गेली होती.

जावक क्रमांक आणि तारीख पेनाने भरलेली पत्रं मात्र त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. छापील ‘दि.   /   /२०१’ आणि मध्ये निळ्या शाईतले आकडे, तेही १ ला गाठ न देता नुसती रेघ ओढलेले. अशी सुमारे तीनशे पत्रं बाजूला काढली आहेत. ती मी रोज दहा-बारा या हिशेबाने हातानेच भरते आहे.